अमृत छकायचं ठरवलंय? आधीची तयारी, त्या दिवसाचा क्रम आणि नंतरची रहित

आम्ही दख्खनी शीख. घरात मराठी, गुरुद्वाऱ्यात पंजाबी, आणि आजीच्या तोंडी दोन्हींची भेळ. नांदेडच्या हजूर साहिबमध्ये लहानपण गेलं, तरी मी स्वतः अमृत घेतलं, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेतली, ते तिशी ओलांडल्यावर, आनंदपूरच्या केसगढ साहिबला. तेव्हापासून ओळखीतली मंडळी विचारतात, ‘काय काय करावं लागतं? झेपेल का?’ काही जण शीख घरातले पण केस राखून थांबलेले असतात, काही मराठी हिंदू घरांतले. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. आधार शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या ‘सिख रहित मर्यादे’चा, म्हणजे शिखांच्या आचरणाच्या नियमावलीचा आहे, कारण सर्वांत जास्त गुरुद्वाऱ्यांत ती चालते. हजूर साहिबची आपली जुनी मर्यादा आहे आणि काही बाबतींत ती वेगळी पडते. वेगवेगळ्या जथ्यांचे, म्हणजे शीख गटांचेही बारीक फरक असतात. म्हणून जिथे अमृत घेणार आहात तिथल्या सिंगांना आधी विचारून घ्या.

आधीचे सहा महिने

समारंभ एका सकाळीत आटोपतो. अडचण येते ती त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, जेव्हा पहाटे उठवत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट सुचवतो: अमृताच्या आधी निदान सहा महिने नितनेम, म्हणजे रोजचे ठरलेले पाठ, चालू करा. केस कापणं, दाढी करणं आणि तंबाखू आजच सोडा. सहा महिन्यांत घसरलात तर कुणापुढे उभं राहावं लागत नाही, फक्त तारीख पुढे ढकलायची. अमृतानंतर घसरलात तर प्रकरण वेगळं होतं, त्याकडे शेवटी येतो.

मर्यादेनुसार अमृत कोणत्याही देशाच्या, धर्माच्या, जातीच्या स्त्रीला किंवा पुरुषाला घेता येतं. वयाचा आकडा दिलेला नाही, पण घेणारा अगदी लहान नसावा, त्याला समज आलेली असावी. नवरा-बायकोंपैकी एकानेच घेतलं तर चालतं का, हा प्रश्न नेहमी येतो. मर्यादेत तशी अट नाही, मात्र काही जथे जोडीनेच या म्हणतात. माझं मत विचाराल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने अमृत घेतलं नाही तरी चालेल, पण पहाटेचा गजर आणि स्वयंपाकघरातले बदल त्याला मान्य असायला हवेत.

मराठी वाचकाला गुरुमुखी शिकायला तीन आठवडे पुरतात. ‘ट’, ‘ठ’, ‘ग’ जवळजवळ आपलेच आहेत. फसगत होते ती ‘स’ची, कारण गुरुमुखीतला ‘स’ आपल्या ‘म’सारखा दिसतो. देवनागरीत छापलेले गुटके, म्हणजे पाठाच्या छोट्या पोथ्या, मिळतात आणि सुरुवातीला बरे वाटतात, पण त्यांत एक खड्डा आहे. गुरबाणीत शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार-उकार लिहिलेले असतात, ते व्याकरणासाठी असतात आणि बहुतेक वेळा उच्चारायचे नसतात. छापलेलं असतं ‘सति नामु’, वाचायचं ‘सतनाम’. छापलेलं ‘गुर प्रसादि’, म्हणायचं ‘गुरप्रसाद’. आपली जीभ देवनागरीत जे दिसेल ते सगळं वाचते, त्यामुळे मराठी माणूस पाठाला बसला की दोन ओळींत ओळखू येतो. एखाद्या ग्रंथींसमोर, म्हणजे गुरुद्वाऱ्यात पाठ करणाऱ्यांसमोर, बसून जपजी ही पहाटेची बाणी एकदा वाचून दाखवा आणि चुका दुरुस्त करून घ्या. अमृतानंतर गुरुमुखी येत नसेल तर शिकणं बंधनकारकच आहे, मग आधीच का नको?

पाच ककार: घेताना काय पाहायचं

केस, कंघा, कडा, कछेरा, कृपाण. काही जथे केसांच्या जागी केस्की, म्हणजे डोक्याला बांधायचं छोटं वस्त्र, हा ककार मानतात. बाकी चार सगळीकडे तेच.

केस म्हणजे फक्त डोक्यावरचे नव्हेत. दाढी, भुवया, हातापायांवरचे, सगळेच. भुवया कोरणं, पायांना वॅक्सिंग, हे स्त्रियांना आधीच स्पष्ट सांगावं लागतं, कारण पुष्कळ जणी समजतात की वेणी राखली म्हणजे झालं. पांढरी दाढी काळी करणंही चालत नाही.

कंघा लाकडी घ्यावा. प्लास्टिकचा केसांत ठेवला की दिवसभर टोचतो आणि दात मोडतात. जुड्यात खोचून वर पगडी बांधायची, सकाळी आणि संध्याकाळी त्यानेच केस विंचरायचे. कडा लोखंडाचा किंवा स्टीलचा, सोन्याचांदीचा नाही. मनगटातून सहज निसटेल इतका सैल घेऊ नका; मी पहिला कडा असाच लोकलच्या गर्दीत घालवला. साध्या लोखंडाला मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंज चढतो, तिथे स्टील बरं.

कछेरा ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात त्रास देणारी वस्तू. हा गुडघ्याच्या वर थांबणारा, नाडीचा, सैल शिवलेला अंतर्वस्त्राचा प्रकार. तयार मिळतो तो बऱ्याचदा जाड कापडाचा असतो आणि ऑफिसच्या पँटखाली गोळा होतो. पातळ सुती कापड घेऊन शिवून घ्या, एकदम चार तरी. बदलताना एक पाय जुन्यातून काढून नव्यात घालायचा, मग दुसरा, म्हणजे अंगावरून तो पूर्ण उतरत नाही, अशी बहुतेक अमृतधारींची सवय असते. आंघोळीच्या वेळी हे जमायला आठवडा जातो. पहिल्या दिवशी मी न्हाणीघरात तोल जाऊन बादलीवर आपटलो होतो.

कृपाण गातऱ्यात, म्हणजे पट्ट्यात, घालायची. पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि कृपाण डाव्या कुशीवर राहते. लांबी किती, हे मर्यादेत ठरवलेलं नाही. रोजच्या वापरासाठी सहा ते नऊ इंचांची सोयीची पडते. आंघोळीत पुष्कळ जण गातरा डोक्याला किंवा कमरेला गुंडाळतात. तिच्याविषयी कायद्याची बाजू स्वच्छ आहे: आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्येच कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला पात्याची लांबी सहा इंचांपर्यंत आणि एकूण नऊ इंचांपर्यंत असलेली कृपाण नेता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात ती चेक-इन सामानात द्यावी लागते. पातं आधी मोजून घ्या, विमानतळावर पट्टी शोधत बसू नका.

त्या दिवशी

तारीख आधी विचारून घ्या. बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत नाव नोंदवून घेतात. वैशाखीला, म्हणजे १३ किंवा १४ एप्रिलला, मोठ्या ठिकाणी गर्दी असते, कारण १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरु गोबिंदसिंगांनी पहिला अमृत संचार, म्हणजे अमृत देण्याचा समारंभ, केला. त्या दिवशी गुरूंच्या हाकेला उभे राहिलेले पाच जण, म्हणजे पहिले पंज प्यारे, लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बिदर इथले होते. बिदरचे ते भाई साहिबसिंग. आमच्याकडे हे नाव जरा अभिमानाने घेतलं जातं, कारण बिदर नांदेडहून फार लांब नाही.

सकाळी केसांसकट आंघोळ करून या. पाचही ककार अंगावर हवेत. डोकं झाकलेलं, पण टोपी नको. दुसऱ्या धर्माची कोणतीही खूण नको: जानवं, गंडा, तावीज, देवाचं लॉकेट घरीच काढून ठेवा. टोचून घातलेले दागिनेही चालत नाहीत, म्हणजे कानातलं, चमकी, नथ सगळं. नाकातली जुनी चमकी ऐन वेळी निघत नाही, सोनाराकडून दोन दिवस आधी काढून घ्या. मंगळसूत्राविषयी अमृत देणाऱ्या तिथल्या पंज प्याऱ्यांना आधीच विचारा, म्हणजे दाराशी अवघडल्यासारखं होणार नाही.

वेळेवर जा. हे शब्दशः घ्या. जो पहिल्यापासून हजर असतो त्यालाच अमृत मिळतं. मध्येच आलेल्याला देत नाहीत. जागा एकांताची असते, जिथे लोकांची ये-जा नाही. गुरु ग्रंथ साहिबचा प्रकाश केलेला, म्हणजे ग्रंथ उघडून ठेवलेला असतो. किमान सहा अमृतधारी लागतात: एक ग्रंथ साहिबांच्या सेवेला बसतो, पाच जण अमृत देतात. या पाचांत स्त्रियाही असू शकतात, असं मर्यादा सांगते, पण प्रत्यक्षात तसं फारच कमी ठिकाणी दिसतं, हे मला खटकतं.

हात जोडून ग्रंथ साहिबांसमोर उभं राहिलं की पाचांपैकी एक जण तत्त्वं सांगतो: एका अकाल पुरखाची, म्हणजे कालातीत ईश्वराची भक्ती, कोणत्याही निर्मित वस्तूची पूजा नाही, जातपात नाही, सेवा, कष्टाची कमाई. मग विचारतो, ‘कबूल आहे?’ इथे मान डोलावून चालत नाही. मनात ‘बघू’ असेल तर हाच क्षण मागे फिरायचा, आणि त्यात लाज नाही. होकार आला की अरदास, म्हणजे प्रार्थना, होते आणि हुकमनामा घेतात, म्हणजे ग्रंथ साहिब उघडून समोर येईल ते पद वाचतात.

पुढे सर्बलोहाचा बाटा, म्हणजे लोखंडी कटोरा, मांडतात. त्यात स्वच्छ पाणी आणि बत्तासे घालतात. पाच जण भोवती बीर आसनात बसतात: उजवा गुडघा जमिनीवर, भार उजव्या पायावर, डावा गुडघा उभा. एक जण डाव्या हाताने बाट्याची कड धरतो, उजव्या हाताने दुधारी खंडा पाण्यात फिरवतो आणि बाणी म्हणतो. बाकीचे दोन्ही हात कडेवर ठेवून त्या पाण्याकडे बघत राहतात. जपजी, जाप, दहा सवय्ये, बेंती चौपई, आणि आनंद साहिबच्या पहिल्या पाच व शेवटची एक पौडी, म्हणजे कडवं, या क्रमाने पाठ होतो. आम्हाला सव्वा तास लागला. या वेळात उमेदवाराने करायचं काहीच नसतं, फक्त ऐकायचं. म्हणूनच आधी नितनेम केलेल्याला हा वेळ भरलेला वाटतो आणि न केलेल्याचे पाय दुखायला लागतात.

पाठ झाला की अरदास, आणि मग एकेकाची पाळी. तुम्हीही बीर आसनात बसायचं, डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ करायची. देणारा म्हणतो, ‘बोल, वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह.’ अमृत प्यायचं आणि तेच म्हणायचं. असं पाच वेळा. मग डोळ्यांवर पाच शिंतोडे, केसांत पाच. डोळे मिटू नका म्हणतात. पहिल्या शिंतोड्याला माझे मिटलेच. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं अमृत सर्वांनी एकाच बाट्याला तोंड लावून प्यायचं. कोण कुठल्या जातीचा, कुणाचं उष्टं, हा प्रश्न इथे संपतो. आजीच्या पिढीतल्या काहींना नेमकं हेच जड गेलं होतं, असं ती सांगायची.

नंतर पाचही जण एका सुरात मूलमंत्र म्हणतात, ‘गुर प्रसादि’पर्यंत, आणि तुमच्याकडून म्हणवून घेतात. मग रहित सांगतात. आजपासून वडील गुरु गोबिंदसिंग, आई माता साहिब कौर, जन्मस्थान केसगढ साहिब, गाव आनंदपूर साहिब. जुनं कूळ, जात मागे पडली. शेवटी अरदास, हुकमनामा, आणि ज्यांचं शीख नाव नाही त्यांना नवं नाव मिळतं. बहुतेक ठिकाणी हुकमनाम्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवतात, पुढे सिंग किंवा कौर. सगळ्यांनी एकाच भांड्यातून कडाह प्रशाद खायचा. कणीक, साखर आणि तूप समान मापाने घालून केलेला हा शिरा असतो. आमची सकाळ साडेतीन तासांत झाली.

दुसऱ्या दिवसापासून

मर्यादेतला नितनेम असा आहे: पहाटे जपजी, जाप आणि दहा सवय्ये, सूर्यास्तानंतर सोदर रहिरास, झोपण्यापूर्वी सोहिला. काही जथे पहाटे चौपई आणि आनंद साहिबही धरतात, म्हणजे पाच बाण्या. तुम्हाला पंज प्याऱ्यांनी जे सांगितलं तेच तुमचं. पाठ करता येत नसेल तेव्हा ऐकलं तरी चालतं, हे नियमातच आहे.

नव्या माणसाला पहाटेच्या तीन बाण्यांना तासभर लागतो, सरावाने पाऊण. रहिरासला वीस-पंचवीस मिनिटं, सोहिलाला पाच. म्हणजे रोजचा दीड तास. तो कुठून काढायचा, याचा हिशेब आधी मांडा. पुण्यात बँकेत नोकरीला असताना माझा दिवस असा होता: साडेचारला उठणं, आंघोळ, थोडा वेळ नुसता ‘वाहेगुरू’ जप, पाचला पाठ, सहाला मोकळा. सकाळ कधी बिघडली नाही. बिघडायची ती रहिरास. सूर्य मावळायच्या वेळी मी बसमध्ये असायचो, घरी येऊन करू म्हणायचो, आणि घरी पाहुणे. शेवटी बसमध्ये सीट मिळो न मिळो, कानाला इयरफोन लावून ऐकायचं आणि मनात म्हणायचं ठरवलं. तुमच्याही दिवसातली कच्ची वेळ तीच असेल, तिथे आधीच टेकू लावा.

याशिवाय ग्रंथ साहिबांतून रोज थोडं वाचावं किंवा ऐकावं. मराठी माणसाला इथे एक ओळखीचा आवाज भेटतो: नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दसवंध, बाजूला काढायचा.

हिंदू घरातून येणाऱ्यांची खरी ओढाताण घरच्या रूढींशी होते. एकादशी किंवा संकष्टीचा उपास, श्राद्ध, मुहूर्त पाहणं, मुलाचं जावळ काढणं, हे काहीच करता येत नाही. वडिलांच्या श्राद्धाला भावाशी कसं बोलायचं, हे अमृताच्या आधी ठरवा. ऐन पितृपक्षात सांगितलं की भांडण होतंच.

घसरलो तर

इथे लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात.

चार गोष्टी बज्जर कुरहित, म्हणजे सर्वांत गंभीर नियमभंग आहेत: केस कापणं किंवा काढणं, कुठ्ठा म्हणजे मुस्लिम पद्धतीने कापलेल्या प्राण्याचं मांस खाणं, जोडीदाराखेरीज इतरांशी शरीरसंबंध, आणि तंबाखू. यांतलं एक जरी जाणूनबुजून घडलं तरी अमृत तुटलं, ते पुन्हा घ्यावं लागतं. नकळत घडलं तर दोष लागत नाही. गुटख्यातही तंबाखू असतो, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला हवं.

बाकीच्या चुकांना तनखाह, म्हणजे प्रायश्चित्त, लागते: दारू, भांग, अफू अशी नशा, दाढी रंगवणं, गुरमताविरुद्ध विधी करणं, रहितेतला कोणताही नेम मोडणं. यासाठी पुन्हा अमृत घ्यायची गरज नसते.

माझंच सांगतो. दुसऱ्या वर्षी एका मित्राच्या लग्नात मी दारू प्यायलो, आणि मग शरमेने रहिरासही सोडली. दोन महिने ‘आता अमृत तुटलंच आहे’ असं समजून मी सगळंच सोडण्याच्या बेताला आलो होतो. एका वयस्कर सिंगांनी विचारलं, ‘केस आहेत ना? तंबाखू नाही ना? मग तुटलं काय? पेश हो जा.’ संगतीत, म्हणजे जमलेल्या शिखांपुढे, ग्रंथ साहिबांसमोर हात जोडून उभं राहायचं आणि काय केलं ते सरळ सांगायचं. संगत पाच जण निवडते, ते आपसात विचार करून तनखाह सांगतात. मला महिनाभर रोज एक जपजी जास्त, आणि चार रविवार जोडाघरात चपलांची आणि लंगरात भांड्यांची सेवा मिळाली. मर्यादा म्हणते की तनखाह शक्यतो हातांनी करायच्या सेवेची असावी, देणाऱ्यांनी माफ करताना हट्ट धरू नये आणि घेणाऱ्यानेही घेताना अडून बसू नये. महिना संपल्यावर अरदास झाली आणि विषय तिथेच मिटला. नंतर कुणी तो काढला नाही.

नात्यातल्या एकाने परदेशात नोकरीसाठी दाढी केली, त्याचं प्रकरण मात्र पहिल्या गटातलं. तो परत आल्यावर अमृत संचाराच्या दिवशी त्याला इतरांपासून वेगळं उभं केलं, आधी तनखाह लावली, मग सगळ्यांबरोबर पुन्हा अमृत दिलं. केस पुन्हा वाढेपर्यंत तो वर्षभर थांबला होता, तो त्याचा स्वतःचा निर्णय.

एमआरआयसारख्या तपासणीत कडा आणि कृपाण बाहेर ठेवावीच लागतात, तिथे वाद घालू नका, लोखंड त्या खोलीत जाऊच शकत नाही. सोबतच्या माणसाकडे रुमालात द्या, लाकडी कंघा आणि कछेरा तसेच राहू द्या, बाहेर येताच धारण करून अरदास करा. शस्त्रक्रियेसाठी केस काढायची वेळ येणार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा की कमीत कमी जागेचे काढता येतील का पाहा, आणि जमलं तर दवाखान्यात भरती होण्याआधी पंज प्याऱ्यांपैकी कुणाशी तरी बोलून घ्या.